अभिनंदन, पाटील

शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फौंड्रीत मी नोकरीला आहे, तिथे क्वालिटी हेडची जागा रिकामी झाली. बाहेरून माणूस आणण्याऐवजी आतल्यांकडूनच अर्ज मागवायचं ठरलं. नोटीस बोर्डावर कागद लागला, मेल आला, आणि आम्हा दोघांचे अर्ज गेले. दुसऱ्याला इथे पाटील म्हणतो. त्याचं खरं आडनाव ते नव्हे, पण कोल्हापुरात नुसतं पाटील म्हटल्यावर कुणाचाच पत्ता लागत नाही, ही त्यातली सोय. निवड पाटलाची झाली.

ती निवड बरोबर होती का, यावर माझं मत आहे आणि ते मी माझ्यापाशी ठेवणार आहे. इथे लिहायचंय ते एका अगदी छोट्या कामाबद्दल. मला पाटलाचं अभिनंदन करायचं होतं, ते खोटं वाटू नये असं करायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशीपासून त्याच्याच सहीखाली काम करायचं होतं. हे काम दिसायला चार ओळींचं असतं. पण दोघांनी एकच जागा मागितली आणि ती दुसऱ्याला मिळाली, की त्या चार ओळी लिहायला माणूस जेवढा वेळ लावतो तेवढा अर्ज लिहायलाही लावत नाही.

आमच्याकडे एक गोष्ट रीतसर झाली, ती आधी सांगतो. ज्याची निवड झाली नाही त्याला सर्वांना मेल जाण्याआधी बोलावून समोरासमोर सांगायचं, हे एचआरनं पाळलं. सकाळी दहाच्या सुमारास मला केबिनमध्ये बोलावलं, सांगितलं, पाणी पुढे केलं. मेल दुपारी चारला जाणार होता. म्हणजे मधले सहा तास मला माहीत होतं, आणि पाटलाला माहीत आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. हा वेळ मोठा फसवा. मनाचा मोठेपणा दाखवायची घाई याच वेळात होते. आपणच पहिलं जाऊन हात मिळवावा, म्हणजे सगळ्यांना कळेल आपण कसे आहोत, असं वाटतं. पण त्याला अजून पत्र मिळालं नसेल तर त्याची बातमी आपण फोडली असं होतं. आणि मिळालं असेल, तरी गप्प राहायला सांगितलेलं असेल तर त्याला आपल्यासमोर नाटक करावं लागतं. जाहीर होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. लिहून ठेवायला मात्र हा वेळ उत्तम. मी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलच्या नोट्समध्ये पहिला खर्डा लिहिला. मेसेजच्या चौकटीत मुद्दाम लिहिला नाही, बोट कुठे पडेल सांगता येत नाही.

तो खर्डा असा होता:

"पाटील, मनापासून अभिनंदन! या पदासाठी तूच योग्य होतास. मीही अर्ज केला होता हे तुला माहीत आहेच, पण तुझी निवड झाली याचा मला माझी झाली असती त्यापेक्षा जास्त आनंद आहे. तुझ्या हाताखाली काम करायला मिळणं हे माझं भाग्य. पार्टी कधी?"

वाचायला गोड आहे. आता एकेक वाक्य चाळणीतून काढू.

'तूच योग्य होतास' हे मी कुठल्या अधिकारात म्हणतोय? मी परीक्षक नव्हतो, उमेदवार होतो. पडलेल्या उमेदवारानं निकालावर शिक्का मारायला कुणी सांगितलंय? शिवाय तसं मला वाटत असतं तर मी अर्जच केला नसता, आणि हे पाटलालाही कळतं. 'मीही अर्ज केला होता' या वाक्याची गंमत अशी, की ते लिहिलं की समोरच्याला माझं सांत्वन करणं भाग पडतं. त्याच्या आनंदाच्या दिवशी मी त्याला कामाला लावलं. 'माझ्यापेक्षा जास्त आनंद' हे सरळ खोटं आहे. एवढं खोटं, की त्याच्या शेजारी उभं असलेलं 'मनापासून'सुद्धा खोटं ठरतं. 'माझं भाग्य' हे निरोप समारंभात शोभतं. बरोबरीच्या माणसाला लिहिलं की त्यात एक तर लाचारी दिसते नाही तर टोमणा, आणि वाचणारा कोल्हापूरचा असेल तर टोमणाच दिसतो. 'पार्टी कधी' हे बाकीच्या चाळीस जणांनी विचारलं तर काही बिघडत नाही. माझ्याकडून आलं की त्याला प्रश्न पडणार, हा खरंच येणार का?

म्हणजे पाच वाक्यांतलं एकही टिकलं नाही. मी ते सगळं पुसलं आणि दुसरं टोक गाठलं: "अभिनंदन. पुढील वाटचालीस शुभेच्छा." यात खोटं काही नाही. पण हे आपण दहावी पास झालेल्या भाच्याला पाठवतो. ज्याच्याबरोबर रात्रपाळ्या काढल्या, ज्याच्या डब्यातली खर्डा-भाकरी खाल्ली, त्याला हे पाठवणं म्हणजे दार लावून आतून कडी घालणं. पाटील रागावला नसता. त्यानं फक्त नोंद घेतली असती.

इथे मला अडलं होतं ते एका कारणानं. मला त्या मुलाखतीबद्दल काहीच माहीत नव्हतं. आपल्याकडे खासबाग मैदान आहे, शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेलं. तिथे कुस्ती झाली की पडलेल्या पैलवानालाही ठाऊक असतं तो कुठल्या डावावर गेला, आणि हजारो लोकांनी त्याची पाठ लागलेली पाहिलेली असते. हात मिळवताना शंकेला जागा नसते. बंद केबिनमधल्या मुलाखतीचं तसं नाही. पाटील काय बोलला, प्लांट हेडनं काय विचारलं, माझ्या कुठल्या उत्तरावर पेन खाली ठेवलं गेलं, यातलं काही मी पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्या कुस्तीबद्दल मी त्याला शाबासकी कशी देणार? दिली तर ती पोकळच वाजणार. मग मी न पाहिलेलं सोडून दिलं आणि पाहिलेलं काय आहे ते आठवायला लागलो.

ते आठवायला फार लांब जावं लागलं नाही. मागल्या पावसाळ्यात एका हाउसिंगचं रिजेक्शन अचानक वाढलं होतं. कास्टिंग आमच्याकडून निघताना चांगलं दिसायचं, फेटलिंग होऊन, रंग मारून जायचं, आणि ग्राहकाकडे मशिनिंगला लावलं की बोअरच्या आत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं उघडी पडायची. पिनहोल. कातडीखालचा दोष म्हणजे सर्वात वाईट, कारण आपल्या फाटकातून तो हसत हसत बाहेर पडतो. पावसाळा म्हटल्यावर सगळ्यांनी मोल्डिंगच्या वाळूवर बोट ठेवलं. वाळूत पाणी वाढलं की ओतताना वाफ होते, ती बाहेर पडायला जागा मिळाली नाही की धातूत अडकते, हे फौंड्रीतल्या पोरालाही माहीत असतं. आम्ही सँड लॅबमध्ये ठाण मांडलं. दर तासाला ओलावा, पर्मिअ‍ॅबिलिटी, कॉम्पॅक्टिबिलिटी. आकडे सगळे हद्दीत. तरी पिनहोल येतच होते, आणि रोज नाही, मधूनच. हे मधूनच येणं जास्त छळतं.

पाटील त्या वेळी लॅबमध्ये नव्हता. तो कोअर शॉपच्या बाहेर, शटरजवळच्या रॅकपाशी खुर्ची टाकून बसला होता. हाताशी एक खडू. कोअर मशीनवरून उतरली की त्या ट्रेवर तो वेळ लिहायचा, आणि मोल्डमध्ये बसवायला उचलली की परत वेळ. कोअर म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणारा वाळूचा साचा. तो रेझिननं बांधलेला असतो, आणि पावसाळी हवेत उघडा पडून राहिला की ओल पितो. मग ओतताना बाहेरच्या मोल्डमधून नाही, आतल्या कोअरमधून गॅस सुटतो. खडूच्या आकड्यांवरून दिसलं ते असं: रॅकच्या पुढच्या कोअरा भराभर उचलल्या जात होत्या आणि मागच्या तशाच राहत होत्या. पाळी बदलली की नव्या कोअरा पुन्हा पुढेच लागायच्या. काही ट्रे दीड-दोन दिवस शटरच्या झडीत उभे होते. ते ज्या हीटला, म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेल्या धातूच्या घाण्याला, लागले त्या हीटचे नंबर आणि ग्राहकानं परत पाठवलेल्या कास्टिंगचे नंबर जुळले. रॅक आत सरकवला, आधी आलेली कोअर आधी उचलायची अशी खूण केली, जुन्या कोअरा बाद केल्या. रिजेक्शन खाली आलं.

ग्राहकाला जो एट-डी रिपोर्ट गेला, तो मी लिहिला. आठ पायऱ्यांचा तो कागद असतो. तक्रार काय, तात्पुरता उपाय काय, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. मूळ कारणाच्या रकान्यात मी जे नेमकं मांडलं त्यावर ग्राहकानं एकही उलट प्रश्न विचारला नाही, आणि ते सोपं नसतं. खडू त्याचा होता, कागद माझा होता. मुलाखतीत आम्ही दोघांनीही हीच गोष्ट सांगितली असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

आणि नेमकी इथेच अभिनंदनाची खरी अडचण आहे. तिसऱ्या खर्ड्यात मी पहिल्यांदा लिहिलं होतं, "आपण दोघांनी मिळून तो पिनहोलचा प्रश्न सोडवला होता." शंभर टक्के खरं वाक्य. तरी ते तिथे नको. कारण ते त्याच्या अभिनंदनाच्या पानावर माझी सही करत होतं. माझा वाटा सांगायला अप्रेझलचा फॉर्म आहे, तिथे तो भरून सांगावा, कुणी अडवलंय? या कागदावर फक्त त्याचा खडू.

शेवटी जे गेलं ते असं:

"पाटील, अभिनंदन. मागल्या पावसाळ्यात आम्ही सगळे सँड लॅबमध्ये आकडे मोजत होतो आणि तू कोअरच्या रॅकपाशी खडू घेऊन बसला होतास, ते माझ्या चांगलं लक्षात आहे. शॉपवर उभं राहून बघायची तुझी सवय या जागेवर कामाला येईल. पुढच्या महिन्यातल्या कस्टमर ऑडिटची फाईल माझ्याकडे तयार आहे. तू म्हणशील त्या दिवशी तासभर बसून तुला दाखवतो."

यात मला आनंद झाला असं कुठेच नाही. कारण त्या दिवशी झाला नव्हता. पण यातलं एकही वाक्य असं नाही, की जे पंधरा दिवसांनी कुणी माझ्यासमोर वाचून दाखवलं तर मला मान खाली घालावी लागेल. मनापासून म्हणजे उचंबळून, असा आपला एक समज आहे. नोकरीत मनापासून म्हणजे एवढंच, की लिहिलेल्या प्रत्येक वाक्यामागे आपण उभे राहू शकतो. मनात दुसरंही काही खदखदत असेल. ते सगळं सांगितलंच पाहिजे असं नाही, आणि त्याच्या उलटही सांगायचं नाही.

शेवटच्या दोन वाक्यांवर मी सर्वात जास्त वेळ घालवला. 'काही मदत लागली तर सांग' असं लिहिण्याचा मोह होता. पण ते सगळेच लिहितात आणि कुणी सांगायला जात नाही. ऑडिटची फाईल माझ्याकडे होती, ती मला त्याला दाखवावीच लागणार होती, रुसून बसलो असतो तरीही. म्हणून तीच देऊ केली. आपण एरवीही करणार आहोत तेवढंच कबूल करायचं. त्या दिवशीच्या भरात 'तू फक्त हाक मार' म्हणून बसलो आणि पुढे हाक आल्यावर पाय जड झाले, तर अभिनंदन मागं घेतल्यासारखं होतं.

चार वाजता मेल आला. मेसेज मी लगेच पाठवला नाही. आधी उठून त्याच्या टेबलाकडे गेलो. एकाच छताखाली बसणाऱ्या माणसाला आधी मोबाईलवर गाठणं मला पटत नाही. गर्दी जमायच्या आत गेलो हे बरं झालं. हात मिळवला, "अभिनंदन पाटील, जोरात काम करू" एवढंच म्हणालो आणि निघणार, तेवढ्यात तो म्हणाला, "खरं सांगू काय? तुझंच व्हायला पाहिजे होतं, भावा."

या वाक्याची तयारी कुणी करून जात नाही, आणि ते हमखास येतं. चांगला माणूस असेल तर येतंच. त्याला उत्तर काय द्यायचं? 'नाही नाही, तूच योग्य' म्हटलं की पहिल्या खर्ड्यातलं खोटं मागच्या दारानं आत येतं. 'हो, मलाही तसंच वाटतं' म्हटलं तर संपलंच. हसून गप्प राहिलं तर तो अर्थ लावत बसतो. मी म्हणालो, "ते ठरवायचं काम आपलं नव्हतं, झालं ठरवून. तू उद्याची रिजेक्शन मीटिंग कुठल्या वेळेला घेणार, ते सांग." तो क्षणभर बघत राहिला, मग म्हणाला, "साडेनऊला." त्याच्याही खांद्यावरचं ओझं उतरलं असावं. कामाचा एक प्रश्न विचारला की दोघांनाही उभं राहायला जागा मिळते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तोवर पुष्पगुच्छांची रांग लागली होती. तिथे मी इतरांसारखं दोन शब्दांचं अभिनंदन टाकलं. ना सर्वात आधी, ना सर्वात शेवटी. ग्रुपवर लांबलचक लिहिलं असतं तर ते पाटलासाठी झालं नसतं, बघ्यांसाठी झालं असतं. आणि त्या दिवशी बघे मलाच बघत होते. माझं नाव कधी येतंय, काय लिहितोय. कंपनीच्या मेलवर सर्वांना उत्तर देतानाही दोनच ओळी, इंग्रजीत, रिवाजाप्रमाणे. खडूची गोष्ट फक्त त्याला, रात्री, घरी गेल्यावर. घरी बायकोनं तो मेसेज वाचला आणि म्हणाली, "अहो, यात तुम्ही कुठं आहात?" म्हटलं, तेच तर जमवलंय.

इथवर सगळं आपल्या हातात असतं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर. आपल्या गावाला एक सवय आहे, पेठेच्या फुटबॉलपासून कारखान्याच्या निवडणुकीपर्यंत सगळीकडे दिसणारी: कुणी हरला की त्याच्याभोवती सहानुभूतीचं कोंडाळं जमतं, आणि त्या कोंडाळ्याला मसाला हवा असतो. "भावा, तुला डावललं." "वशिला लागला असणार." "तू काय बोलला न्हाईस?" हे बोलणारे वाईट नसतात, यातले दोघे तर माझे जिवाचे. पण शिरोलीच्या टपरीवर सकाळी साडेदहाला बोललेलं वाक्य संध्याकाळपर्यंत पाटलाच्या कानावर जातं, तेही दोन-चार मसाले वाढून. काल रात्री पाठवलेला तो सुंदर मेसेज आणि आजचं टपरीवरचं वाक्य त्याच्याकडे शेजारी शेजारी पोचलं, की तो कुठलं खरं मानेल? टपरीवरचंच. मीही तेच मानलं असतं.

म्हणून टपरीवर बोलायचं वाक्यही मी ठरवून ठेवलं होतं. "मला पाहिजे होती जागा, मिळाली नाही. वाईट वाटलं. पाटील कामाचा माणूस आहे." तिन्ही वाक्यं खरी, आणि पाटलाच्या कानावर गेली तरी चालतील अशी. 'मला काहीच वाटलं नाही' म्हणण्यात शहाणपण नाही. त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही आणि लोक आणखी खोदायला लागतात. वाईट वाटलं म्हणून मोकळं झालं की खोदायला काही उरत नाही. वशिल्याच्या गोष्टीवर मी चहा संपवला आणि कप ठेवला.

वशिला खरंच असता तर? अशीही निवड होते, नाही असं नाही. तिथेही अभिनंदन माणसाचं असतं, प्रक्रियेचं नव्हे. त्या माणसाचं पाहिलेलं एखादं चांगलं काम आठवलं तर ते लिहावं. प्रामाणिकपणे एकही आठवलं नाही, तर रचू नये: "अभिनंदन. माझ्या विभागाकडून तुम्हाला लागेल ते वेळेवर मिळेल" एवढं पुरतं, आणि ते रूक्ष असलं तरी खोटं नाही. प्रक्रियेबद्दलची तक्रार असेल ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर, एचआरकडे, नावानिशी. अभिनंदनाच्या मेसेजमध्ये तक्रारीचा एक थेंबही सांडला की दोन्ही वाया जातात.

तिसऱ्या दिवशी पाटील पेढे घेऊन आला. मी दोन घेतले. आणि त्या सकाळच्या मीटिंगपासून त्याला चारचौघांत 'पाटील साहेब' आणि 'तुम्ही' सुरू केलं. हे वाटतं तेवढं साधं नाही. आमच्याकडे 'साहेब' हा शब्द मान द्यायलाही वापरतात आणि सालटी काढायलाही; फरक फक्त सुरात. हात जोडून, कंबरेत वाकून "या साहेब, बसा साहेब" केलं की सगळा शॉप हसतो, आणि हसण्याच्या आडून आपण जे म्हणायचं नव्हतं ते म्हणून टाकलेलं असतं. मी तो सूर लावला नाही. "पाटील साहेब, लाइन दोनचं रिजेक्शन वाढलंय, बघता का?" असं, आधीच्या साहेबांना म्हणायचो तसंच, सपाट. मोल्डिंगची पोरं पहिले दोन दिवस माझ्या तोंडाकडे बघत होती. मग त्यांचंही साहेब सुरू झालं. दोघंच असलो की तो अजून 'तू'च आहे. ते बदलायचं असेल तर त्यानं सांगावं, मी आपणहून बदललं असतं तर ते अंतर माझ्याकडून पडलं असतं.

थोडे दिवस गेल्यावर मी प्लांट हेडची वेळ मागितली. मुद्दाम उशिरा मागितली. निकालाच्या आठवड्यात 'मी कुठे कमी पडलो' विचारलं की ते जाब विचारल्यासारखं ऐकू येतं आणि समोरचा स्वतःला वाचवणारी उत्तरं देतो. पाटलाचं नाव न घेता दोनच प्रश्न विचारले: या जागेसाठी तुम्हाला माझ्यात काय दिसलं नाही, आणि ते पुढच्या वर्षभरात कुठल्या कामात दाखवता येईल. पहिल्याला उत्तर आलं, "तुम्ही दोघंही चांगले होता हो." हे उत्तर म्हणजे गुळमुळीत खीर, पण ते येणार हे मी धरून चाललो होतो. दुसऱ्या प्रश्नावर मात्र ते थांबले आणि म्हणाले, कागलच्या पंचतारांकित वसाहतीत जी नवी लाइन उभी राहतेय, तिथली क्वालिटीची मांडणी पहिल्या दिवसापासून कुणीतरी करायला हवी. मी ते डायरीत लिहून घेतलं आणि संध्याकाळी मेलवर त्यांनाच परत पाठवलं, आपलं असं बोलणं झालं म्हणून.

पाटलाशी पहिला खटका उडाला तो त्यानंतर लवकरच. एका लॉटमध्ये तीन कास्टिंगवर सँड ड्रॉप, म्हणजे मोल्डमधली वाळू सुटून पडल्याचा दोष, सापडला आणि त्यानं अख्खा लॉट अडवला. माझं म्हणणं होतं, एका पॅटर्नवरून मोल्डमध्ये अनेक कास्टिंगच्या पोकळ्या उठतात, आणि तिन्ही त्यातल्या एकाच पोकळीतून आलेत, पोकळीचा नंबर कास्टिंगवर उठलेला असतो. तेवढे वेगळे काढून तपासू, बाकीचा माल सोडू, नाही तर ग्राहकाची लाइन थांबेल. मी ते मीटिंगमध्येच म्हणालो, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता. 'तुझ्या हाताखाली काम करणं हे माझं भाग्य' असं लिहून बसलो असतो तर त्या खोलीत माझं तोंड उघडलं नसतं, किंवा उघडलं असतं तर सगळ्यांना त्यात जुना हिशेब दिसला असता.

पाटलानं ऐकून घेतलं. दोन मिनिटं कास्टिंग हातात फिरवून नंबर बघितले. मग म्हणाला, "त्या पोकळीचे सगळे बाजूला काढा. बाकीच्यातले पन्नास उघडून बघायचे, ते स्वच्छ निघाले तर संध्याकाळची गाडी सोडू. आणि हे म्हणणं मला लेखी द्या."

दुपारच्या आत दिलं. पन्नासातला एक खराब निघाला, दुसऱ्याच पोकळीचा. गाडी त्या दिवशी गेली नाही.